फसवणुकीच्या आरोपीसाठी सरावाचा जामीन अर्ज : द्राक्षांच्या थकलेल्या पैशांचे एक प्रकरण

कायद्याच्या अभ्यासक्रमात मसुदालेखनाचा जो सक्तीचा प्रात्यक्षिक पेपर असतो, त्यात पंधरा न्यायालयीन मसुद्यांना ४५ गुण असतात आणि त्यांत जामीन अर्ज हमखास येतो. बहुतेक वह्यांत तो एकाच साच्याचा असतो : आरोपी निर्दोष आहे, त्याला खोट्या गुन्ह्यात गोवले आहे, तो घरातला एकटा कमावता आहे, तो पळून जाणार नाही. नावे बदलली की हाच अर्ज चोरीलाही चालतो आणि मारामारीलाही. फसवणुकीच्या गुन्ह्यात मात्र तो पांगळा ठरतो. इथे माल घेतला आणि पैसे राहिले हे बहुधा दोन्ही बाजूंना मान्य असते. वाद असतो तो माल घेतला त्या दिवशी घेणाऱ्याच्या मनात काय होते याचा. अर्जाची बांधणी या एका प्रश्नाभोवती करायला हवी. ती कशी करायची, हे एका काल्पनिक प्रकरणावरून पाहू.

प्रकरण

दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदाराने फिर्याद दिली आहे. आरोपी ३८ वर्षांचा शेतमाल व्यापारी. १० फेब्रुवारी २०२५ रोजी बागेत सौदा ठरला, दर ४२ रुपये किलो. १४ ते १७ फेब्रुवारीदरम्यान १२,४०० किलो द्राक्षे काढून नेली. एकूण किंमत ५,२०,८०० रुपये. १८ फेब्रुवारीला आरोपीने बँकेतून १,५०,००० रुपये पाठवले. उरलेल्या ३,७०,८०० रुपयांचा चेक २० मार्चला दिला, तो २४ मार्चला खात्यात शिल्लक नसल्याने परत आला. एप्रिलमध्ये आरोपीचा फोन बंद होता. ९ जूनला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली गुन्हा नोंदवला गेला. त्यात आणखी दोन शेतकऱ्यांचे जबाब आहेत, त्यांचे २,१०,००० आणि १,८५,००० रुपये थकले आहेत. १२ जूनला अटक, १६ जूनपर्यंत पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी. अर्ज १८ जूनला करायचा आहे.

आरोपी सांगतो की याच फिर्यादीचा माल त्याने २०२३ आणि २०२४ च्या हंगामातही घेतला होता आणि पूर्ण पैसे दिले होते. यंदाचा माल दिल्लीच्या व्यापाऱ्याकडे गेला, त्या व्यापाऱ्याने पैसे थकवले. बाजार समितीचा परवाना २०२१ पासून त्याच्या नावावर आहे.

आधी तारखा, मग मसुदा

अर्जाचा पहिला शब्द लिहिण्याआधी कोऱ्या कागदावर तारखा एकाखाली एक मांडा आणि प्रत्येक तारखेपुढे तिचा कागद लिहा. १० फेब्रुवारीचा सौदा : वजनाच्या पावत्या, सौदापट्टी. १८ फेब्रुवारीचे पैसे : बँक उतारा. १९ फेब्रुवारीला दिल्लीला रवाना झालेली गाडी : ट्रान्सपोर्टची बिल्टी. मागच्या दोन हंगामांचे व्यवहार : पुन्हा बँक उतारा. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो.

तक्ता पुरा झाला की त्यातल्या एका ओळीकडे नीट पाहा. चेक २० मार्चचा आहे आणि माल १७ फेब्रुवारीपर्यंत गेलेला आहे. शेतकऱ्याने द्राक्षे दिली ती चेकवर विसंबून दिली नाहीत, कारण तेव्हा चेक नव्हताच. फिर्यादीत "खोटा चेक देऊन फसवणूक केली" असे वाक्य असते आणि घाईत वाचणारा विद्यार्थी चेकच्या बचावातच गुंतून पडतो. इथे चेक हे माल मिळवण्याचे साधन नव्हते, हे फक्त तारखांच्या क्रमावरूनच दिसते.

तक्त्यात प्रतिकूल ओळीही लिहा : एप्रिलमधला बंद फोन, इतर दोन शेतकरी, २० मार्चला खात्यात किती पैसे होते ते. सरकारी वकील याच तीन ओळींवर उभे राहणार आहेत. अर्जात त्या टाळल्या तर त्या ओळींचा पहिला खुलासा सरकारी वकिलांच्याच तोंडून कोर्टासमोर येईल.

कोणते कलम, कोणते कोर्ट

कलम ३१८ च्या चार पोटकलमांत फरक आहे. साध्या फसवणुकीचे ३१८(२) आणि ज्याचे हित जपायला आरोपी बांधलेला आहे त्याच्या फसवणुकीचे ३१८(३) हे दोन्ही जामीनपात्र आहेत. फसवून मालमत्ता द्यायला लावण्याचे ३१८(४) दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि दंड, खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. द्राक्षे दिली गेली आहेत, त्यामुळे पोलिसांनी ३१८(४) लावले आहे.

आरोपी अटकेत आहे आणि खटलाही दंडाधिकाऱ्यांपुढेच चालणार आहे, म्हणून अर्ज त्यांच्याकडे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० खाली. अटक झाली नसती तर अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात कलम ४८२ खाली जावे लागले असते. सराव परीक्षेत एक फसवा बदल हमखास करतात : घटना १ जुलै २०२४ च्या आधीची देतात. मग गुन्ह्याचे कलम जुन्या भारतीय दंड संहितेचे ४२०, पण आज केलेला जामीन अर्ज नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८० खाली. दोन कायद्यांची ही सांगड शीर्षकातच दिसली पाहिजे.

आणखी एक गोष्ट तपासा. पोलिसांनी ३१८ सोबत विश्वासघाताचे ३१६ लावले आहे का? विश्वासघातात मालमत्ता आधी विश्वासाने सोपवलेली असते आणि बेइमानी नंतर येते, फसवणुकीत बेइमानी सुरुवातीपासून असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात स्पष्ट केले की एकाच घटनेवर हे दोन्ही गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत. आपल्या प्रकरणात ३१६ नाही, पण ते असते तर हा एक चांगला मुद्दा झाला असता.

शीर्षक आणि पहिले परिच्छेद

> मे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी साहेब, दिंडोरी यांचे कोर्टात
> फौजदारी किरकोळ अर्ज क्र. ___ / २०२५
> अर्जदार/आरोपी : अ. ब. क., वय ३८, धंदा शेतमाल व्यापार, रा. ___
> विरुद्ध
> महाराष्ट्र शासन, तर्फे ___ पोलीस ठाणे (गु.र.नं. ___/२०२५)
> भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम ४८० अन्वये जामीन मिळणेसाठी अर्ज

सरावाच्या मसुद्यात खऱ्या माणसाचे नाव, खरा गुन्हा क्रमांक घालू नका आणि वर "सरावासाठी" असे लिहा. विद्यार्थ्याला वकीलपत्र घेता येत नाही, म्हणून सहीची जागा "अर्जदारातर्फे वकील" अशी कोरी ठेवा.

पहिल्या दोन परिच्छेदांत अटकेची तारीख, कोठडीचा प्रवास आणि फिर्यादीचा मजकूर थोडक्यात द्या. फिर्याद सांगताना ती फिर्यादीच्याच शब्दांत सांगा, तिथे वाद घालू नका. तिसरा परिच्छेद पूर्वीच्या अर्जांचा :

> अर्जदाराने या गुन्ह्यात यापूर्वी या किंवा अन्य कोणत्याही न्यायालयात जामिनासाठी अर्ज केलेला नाही. अर्जदाराविरुद्ध यापूर्वी कोणताही गुन्हा नोंद नाही.

आधीचे अर्ज उघड करणे ही औपचारिकता राहिलेली नाही. कुशा दुरुका प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बोट ठेवले आहे. दुसरे वाक्य आरोपीच्या शब्दावर लिहू नका, पोलिसांचा रिमांड रिपोर्ट वाचून मगच लिहा.

कारणे

इथे अर्जाचा बहुतेक वेळ द्या. पंधरा कारणे लिहिण्यापेक्षा चार पुरेशी आहेत, पण प्रत्येक कारणाखाली कागद हवा.

पहिले कारण हेतूचे. हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात (२०००) सर्वोच्च न्यायालयाने करारभंग आणि फसवणूक यांतला फरक सांगितला आहे : प्रलोभन दाखवले तेव्हाच बेइमानीचा हेतू असला पाहिजे. आरोपीची नंतरची वागणूक त्या हेतूचा अंदाज बांधायला उपयोगी पडू शकते, पण तीच एकमेव कसोटी नाही. मसुदा असा :

> (अ) फिर्यादीवरूनच दिसते की माल दि. १४ ते १७/०२/२०२५ रोजी दिला गेला व दि. १८/०२/२०२५ रोजी अर्जदाराने रु. १,५०,०००/- बँकेमार्फत अदा केले. उर्वरित रकमेचा चेक माल ताब्यात मिळाल्यानंतर महिनाभराने दिलेला असल्याने त्या चेकमुळे फिर्यादी माल देण्यास प्रवृत्त झाला असे म्हणता येत नाही. सन २०२३ व २०२४ च्या हंगामातील याच फिर्यादीचे सर्व देणे अर्जदाराने अदा केले आहे (निशाणी १ व २). सबब सौद्याच्या वेळी अर्जदाराचा बेइमानीचा हेतू होता असे प्रथमदर्शनी दिसून येत नाही.

शेवटच्या वाक्यात "प्रथमदर्शनी" हा शब्द हवाच. जामिनाच्या वेळी कोर्ट पुरावा तोलून निकाल देत नाही. "अर्जदाराने गुन्हा केलेलाच नाही हे सिद्ध होते" असे लिहिले की खटल्यात करायचा युक्तिवाद इथे आणला जातो आणि दंडाधिकारी त्याकडे दुर्लक्ष करतात.

याच कारणात आणखी एक मोह आवरा. "चेक परत आला तर उपाय परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ चा, म्हणून फसवणुकीचा गुन्हा होतच नाही" असे ठोकून देऊ नका. दोन्ही कारवायांचे घटक वेगळे असल्याने त्या एकाच वेळी चालू शकतात, असे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संगीताबेन पटेल प्रकरणात म्हटले आहे. सरकारी वकिलाने तो निवाडा दाखवला की तुमचा मुद्दा पडतो. चेक मालानंतर आला, एवढेच म्हणा. ते पडत नाही.

दुसरे कारण अटकेची गरज. गुन्ह्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. अर्णेश कुमार प्रकरणापासून (२०१४) नियम ठाम आहे : अशा गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही, ती का लागते याची कारणे पोलिसांनी नोंदवली पाहिजेत, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यायची. आता ही तरतूद नव्या संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात (२०२२) पुढचे पाऊल आले : ही तरतूद पाळली नसेल तर आरोपी जामिनाला पात्र ठरतो.

हे कारण लिहिण्याआधी रिमांड रिपोर्टची प्रत हातात हवी. आपल्या प्रकरणात रिपोर्टमध्ये "फोन बंद ठेवून आरोपी मिळून येत नव्हता" एवढेच आहे, कलम ३५(३) ची नोटीस दिल्याची नोंद नाही. म्हणून :

> (आ) अर्जदार त्याच्या नेहमीच्या पत्त्यावर राहत होता व त्याच्या दुकानाचे वीजबिल व बाजार समितीचा परवाना (निशाणी ३ व ४) त्याच पत्त्याचे आहेत. त्या पत्त्यावर कलम ३५(३) अन्वये नोटीस बजावल्याचे रिमांड रिपोर्टमध्ये नमूद नाही.

पोलिसांनी नोटीस दिली होती आणि आरोपी गेला नाही असे आढळले, तर हे कारण पूर्ण काढून टाका. त्याचा उलटा परिणाम होतो.

तिसरे कारण कोठडीची गरज संपल्याचे. जुन्या पद्धतीत विद्यार्थी "पोलीस कोठडी संपली आहे, आता तपासाला आरोपी लागत नाही" असे एका ओळीत लिहीत. नव्या संहितेच्या कलम १८७ मुळे ही ओळ अपुरी झाली आहे. या गुन्ह्यात एकूण पंधरा दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या चाळीस दिवसांत तुकड्यांनी मागता येते, त्यामुळे सरकारी वकील "आम्हाला ती पुन्हा लागू शकते" म्हणू शकतात. मग मसुद्यात काय करायचे? प्रत्यक्षात काय जप्त व्हायचे उरले आहे ते विचारायचे.

> (इ) पोलीस कोठडीच्या काळात अर्जदाराचा मोबाईल, सौदापट्टीची वही व चेकबुक जप्त झाले आहे. बँक उतारे बँकेकडून मिळणारे आहेत. द्राक्षे नाशवंत असल्याने माल हस्तगत करण्याचा प्रश्न उरत नाही. पुढील कोठडीची मागणी केलेली नाही. तपासकामी बोलावल्यास अर्जदार हजर राहील.

शेवटचे वाक्य कायद्याला धरून आहे. पहिल्या पंधरा दिवसांनंतर पोलीस कोठडी लागू शकते एवढ्याच कारणाने जामीन नाकारू नये, पण आरोपीने कोर्टाचे निर्देश पाळण्याची हमी द्यावी, असे कलम ४८० मध्येच आहे. हमीचे वाक्य नसेल तर त्या तरतुदीचा आधार मागता येत नाही.

चौथे कारण पळून जाणे, पुराव्यात ढवळाढवळ आणि साक्षीदारांवर दबाव या तीन भीतींना उत्तर देण्याचे. प्रतिकूल ओळींचा खुलासाही याच कारणात करायचा. बंद फोनबद्दल आरोपीला विचारा आणि त्याचे उत्तर कागदाने पडताळून पाहा. एप्रिलमध्ये त्याने दुसऱ्या नंबरवरून फिर्यादीशी बोलणे केले असेल तर तो नंबर आणि तारीख द्या. काहीच नसेल तर गोष्ट रचू नका, "फोन बंद असला तरी अर्जदाराने गाव सोडलेले नाही" एवढेच पत्त्याच्या पुराव्यासह लिहा. इतर दोन शेतकऱ्यांबाबत लिहा की त्यांचे जबाब याच गुन्ह्यात आहेत, वेगळा गुन्हा नाही, आणि त्यांचीही थकबाकी याच हंगामातली आहे. एकाच हंगामात, एकाच व्यापाऱ्याने पैसे थकवल्यावर तिघांचे अडकले, हे चित्र आधीच्या हंगामातल्या पूर्ण परतफेडीबरोबर ठेवले की आरोपीच्या बाजूने बोलते. त्यासाठी दिल्लीची बिल्टी जोडा आणि त्या व्यापाऱ्याकडे पैशांची मागणी करणारे संदेश छापून जोडा.

कुटुंब, वय, आजारी आई असे मुद्दे शेवटी दोन ओळींत. ते खरे असतील तर उपयोगी आहेत, पण फसवणुकीच्या गुन्ह्यात त्यांच्यावर अर्ज टिकत नाही. फिर्याद उशिरा दिली हा मुद्दा मी तरी टाळतो. शेतकरी महिनोन्‌महिने व्यापाऱ्याच्या शब्दावर थांबतो हे त्या भागातल्या प्रत्येक दंडाधिकाऱ्याला ठाऊक आहे, आणि उशीर दाखवताना उलट आरोपीच वायदे करत राहिला हे समोर येते.

पैसे भरण्याची तयारी लिहू नका

या प्रकारच्या अर्जात सगळ्यात मोठा मोह हाच असतो. आरोपीचे नातेवाईक म्हणतात, दोन लाख भरतो म्हणून लिहा, सुटका तरी होईल. पण अर्जात ते वाक्य आले की आपल्याच पहिल्या कारणाला धक्का बसतो. वाद थकबाकीचा आहे असे म्हणणारा अर्ज, सुटकेची किंमत म्हणून रक्कम पुढे करतो आणि जामीन वसुलीचे साधन बनतो. रमेश कुमार विरुद्ध दिल्ली राज्य या प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की फसवणुकीच्या आरोपात पैसे भरण्याची अट घालून जामीन देण्याकडे कल वाढतो आहे आणि फौजदारी कोर्टाने वसुलीचे काम हाती घेऊ नये. २०२५ मध्ये गजानन दत्तात्रय गोरे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात ते आणखी पुढे गेले. रक्कम भरण्याची हमी देऊन जामीन घ्यायचा आणि नंतर ती हमी पाळायची नाही, असा प्रकार समोर आल्यावर कोर्टाने सांगितले की अशा हमीवर जामीन देऊ नये, गुणवत्तेवरच निर्णय करावा.

आरोपीला खरोखर पैसे द्यायचे असतील तर तो मार्ग बाहेर खुला आहे. बँकेमार्फत फिर्यादीला पाठवावेत आणि झालेल्या भरण्याची पावती कागद म्हणून जोडावी. घडून गेलेली गोष्ट आणि दिलेले वचन यांत कोर्ट फरक करते.

विनंती, अटी आणि कागद

विनंती दोन-तीन ओळींची असते : योग्य रकमेचा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा सक्षम जामीनदार घेऊन मुक्त करावे. कलम ४८०(३) प्रमाणे या गुन्ह्यात ठरावीक अटी घालाव्याच लागतात : बंधपत्रानुसार हजर राहणे, तसाच गुन्हा न करणे, साक्षीदारांना न धमकावणे व पुराव्यात ढवळाढवळ न करणे. अर्जात स्वतःहून या अटी मान्य करा. त्यापलीकडे तालुका सोडणार नाही असे स्वतः लिहू नका, कारण व्यापाऱ्याला माल पाहायला फिरावेच लागते आणि आपणच पुढे केलेली अट नंतर शिथिल करून घेणे अवघड होते.

अर्जासोबत फिर्यादीची प्रत, रिमांड रिपोर्ट, बँक उतारे, परवाना, वीजबिल आणि बिल्टी निशाणी क्रमांकासह लावा. शेवटी आरोपीचे किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाचे शपथपत्र जोडा. आरोपी कोठडीत असल्याने ते बहुधा पत्नी किंवा भाऊ करतो, म्हणून शपथपत्रात "मला माहीत आहे" आणि "मला कागदांवरून समजले" हे दोन प्रकार वेगळे लिहा.

अर्ज दाखल झाला की कोर्ट सरकार पक्षाचे म्हणणे मागवते आणि तपास अधिकारी लेखी 'से' दाखल करतो. सरावात हा 'से' स्वतःच लिहून पाहा, आरोपीच्या विरुद्ध बाजूने : तीन शेतकरी, ७,६५,८०० रुपये थकीत, फोन बंद, रकमेचा माग बाकी, जामीन दिल्यास साक्षीदारांवर दबाव. मग एकेका ओळीपुढे आपल्या अर्जाचा परिच्छेद क्रमांक टाका. ज्या ओळीपुढे क्रमांक येत नाही तिथे अर्ज कच्चा आहे. या प्रकरणात बहुधा "रकमेचा माग" ही ओळ मोकळी राहते, कारण द्राक्षे विकून आलेल्या पैशांचे काय झाले हे वर कुठेच सांगितलेले नाही. म्हणून चौथ्या कारणात दिल्लीच्या व्यापाऱ्याकडून १ फेब्रुवारी ते ३१ मार्चदरम्यान किती रक्कम आली, हे बँक उताऱ्यावरून एका वाक्यात लिहा. ती रक्कम मालाच्या किमतीपेक्षा स्पष्टपणे कमी असेल तर तो अर्जातला भक्कम कागद ठरतो. जास्त असेल तर पहिले कारण पुन्हा लिहावे लागते, आणि ते युक्तिवादाच्या दिवशी कळण्यापेक्षा आता कळलेले बरे.

दंडाधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळला तर पुढचा अर्ज सत्र न्यायालयात, कलम ४८३ खाली. त्यात तिसरा परिच्छेद बदलतो : फेटाळल्याची तारीख लिहायची, आदेशाची प्रत जोडायची आणि आदेशात जे कारण दिले आहे त्यालाच पहिले उत्तर द्यायचे. दोषारोपपत्र ६० दिवसांत आले नाही तर कलम १८७(३) खालचा जामीन हा वेगळा हक्क आहे. त्याचा अर्ज वेगळा लिहायचा असतो आणि त्यात वरची कारणे लागत नाहीत, फक्त पहिल्या रिमांडची तारीख आणि दिवसांचा हिशेब लागतो.